व्हिसा अडकलाय आणि ‘हँग्ड मॅन’ निघालाय?

टॅरोमध्ये ‘हँग्ड मॅन’ हे बारावं पान निघालं की समोरचा घाबरून विचारतो, “म्हणजे नकार का?” तसं नाही. रायडर-वेट संचातलं चित्र नीट दाखवा: माणूस एकाच पायाने टांगलाय, पण खांबाला हिरवी पानं आहेत, चेहरा शांत आहे आणि डोक्याभोवती तेज आहे. निर्णय दुसऱ्याच्या हातात आहे, एवढंच हे पान सांगतं. तारीख ते सांगत नाही, म्हणून तुम्हीही सांगू नका.

“कधी?” हा प्रश्न बाजूला ठेवून “तोवर माझ्या हातात काय आहे?” असं विचारायला लावा आणि शेजारी एकच पान काढा. नवऱ्याकडे जाण्यासाठी व्हिसाची वाट पाहणाऱ्या एका ताईंना तिथे ‘एट ऑफ पेंटाकल्स’ आलं, मान खाली घालून काम करणारा कारागीर. त्यांनी नोकरीचा राजीनामा आधीच लिहून ठेवला होता. पासपोर्ट हातात येईपर्यंत तो देऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

‘हँग्ड मॅन’ उलटा आला तर विचारणारा माणूस धडपडत असतो. दिवसातून दहादा स्टेटस बघतो का, ते विचारा. आणि त्याच प्रश्नासाठी आठवड्याने पुन्हा पानं काढू नका. कार्यालयाकडून काही कळलं, तरच काढा.