अँटिबायोटिक सिरप घरी देताना: बाटली दोन दिवसांत संपली तर समजा, माप चुकलंय

इंदूरला लहान मुलांच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. सोमवारी सुट्टी झालेल्या बाळाची आई बुधवारी संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, "सिस्टर, सिरप संपलं. आणि याला कालपासून पातळ होतंय." बाळ अडीच वर्षांचं, वजन १२ किलो. कागदावर लिहिलं होतं: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ड्राय सिरप, दोनशे अठ्ठावीसचं, ५ मिली, दिवसातून दोनदा, ५ दिवस. बाटली ३० मिलीची. म्हणजे एका बाटलीत सहा डोस, तीन दिवस पुरायला हवी. हिची चार डोसांत संपली होती.

"कशाने मोजून दिलंत?" विचारलं तर उत्तर आलं, "मेडिकलवाल्यानं सांगितलं, सुबह-शाम एक-एक चम्मच. घरचाच चमचा घेतला." तो चमचा तिने पिशवीत आणला होता. मी त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि सिरिंजने ओढून पाहिलं: ७ मिली. चार वेळा सात म्हणजे अठ्ठावीस. बाटली कुठे गेली ते कळलं. ५ मिलीत २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं, बाळाला प्रत्येक वेळी २८० जात होतं. डॉक्टरांनी तपासलं, जीवाला धोका नव्हता, पण क्लॅव्युलॅनिकने मुलांचं पोट बऱ्याचदा सैल होतं, आणि डोस वाढला की जास्त होतं.

आमच्याकडे ही चूक वारंवार होते, आणि मी आईला दोष देत नाही. "चमचा" हा शब्दच फसवा आहे. पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, औषधाचा चमचा, घरात सगळ्यांना चमचाच म्हणतात. म्हणून कागदावर "मिली" शोधा आणि बाटलीबरोबर आलेली खुणांची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. लहान बाळाला सिरिंजच बरी: गालाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू सोडायची, घशात थेट नाही. टोपीने देणार असाल तर ती सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या रेषेत आणून बघा. हातात वाकडी धरली की खूण खोटी दिसते.

मेडिकलमधून बाटली घेतानाच आणखी एक गोष्ट बघा. हेच औषध दोनशे अठ्ठावीस आणि चारशे सत्तावन्न अशा दोन ताकदींत मिळतं. कागदावर पहिलं लिहिलंय आणि दुकानदाराने "एकच आहे" म्हणून दुसरं दिलं, तर ५ मिलीत दुप्पट औषध जाईल. आकडा जुळला नाही तर बाटली फोडू नका, वॉर्डात फोन करा.

आता बाटली तयार करणं, कारण अर्धे घोटाळे इथेच होतात. ड्राय सिरप म्हणजे कोरडी पावडर. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या, किंवा सोबत पाण्याची नळी दिली असेल तर ती. गरम पाण्याने औषध बिघडतं. पाणी घालण्याआधी बाटली हातावर आपटून पावडर मोकळी करा. मग खुणेच्या अर्ध्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. फेस बसला की पातळी खाली गेलेली दिसते. आता खुणेपर्यंत पाणी पुरं करा आणि पुन्हा हलवा. एकदम खुणेपर्यंत भरून हलवलं की पातळी उतरते, वर कोणी भरत नाही, आणि औषध दाट राहतं. उलट, तळाशी पावडर चिकटलेली राहिली तर पहिले डोस फिके आणि शेवटचे जड होतात. बाटली उलटी करून तळ बघा, गाळ दिसला तर अजून हलवा. आणि हे फक्त सुरुवातीला नाही, प्रत्येक डोसाआधी हलवायचं.

तयार बाटली फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, दारात नको. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहा. सात दिवसांनी ती टाकायची. रंग गडद तपकिरी झाला तर आधीच टाका. हे या औषधाचं. दुसरं सिरप दिलं असेल तर त्याच्या लेबलवरचं वाचा, काही सिरप फ्रिजमध्ये ठेवायची नसतात.

त्या आईला मी नवा तक्ता लिहून दिला. सोमवारी सुट्टीच्या वेळीच तो हातात जायला हवा होता, ही आमचीच चूक. वॉर्डात अँटिबायोटिकचं शेवटचं इंजेक्शन दुपारी झालं होतं, म्हणून डॉक्टरांनी पहिला डोस रात्री ९ ला लिहिला होता. तुमच्या बाळाचं शेवटचं इंजेक्शन किती वाजता झालं ते निघताना विचाराच. सोमवारपासून सगळं नीट झालं असतं तर तक्ता असा झाला असता:

| दिवस | सकाळी ९ | रात्री ९ | बाटली |
|---|---|---|---|
| सोमवार | – | डोस १ | पहिली |
| मंगळवार | डोस २ | डोस ३ | पहिली |
| बुधवार | डोस ४ | डोस ५ | पहिली |
| गुरुवार | डोस ६ | डोस ७ | सकाळी पहिली, रात्री दुसरी |
| शुक्रवार | डोस ८ | डोस ९ | दुसरी |
| शनिवार | डोस १० | – | दुसरी |

दहा डोस म्हणजे ५० मिली, म्हणून बाटल्या दोन. दुसरी गुरुवारी रात्रीच तयार करायची. दोन्ही आजच भिजवून ठेवू नका. दिल्यावर लगेच तक्त्यावर खूण करा, नाहीतर आजी देते, आई देते, आणि बाबा विचारतो "दिलं का?" यात एक डोस दोनदा जातो. "दिवसातून दोनदा" म्हणजे साधारण बारा तासांनी, नाश्त्याबरोबर आणि झोपताना नव्हे. जेवण सुरू करतानाच दिलं तर पोटाला कमी त्रास होतो. डोस बाटलीभर दुधात मिसळू नका, अर्धं दूध राहिलं की अर्धा डोस राहिला.

सकाळचा डोस विसरला आणि दुपारी १२ ला आठवला तर तेव्हाच द्या, रात्री नेहमीच्या वेळी. संध्याकाळी ७ ला आठवला तर सोडून द्या आणि ९ चा तेवढा द्या. दोन एकत्र कधीच नको. अर्ध्या तासाच्या आत औषध ओकून टाकलं तर तोच डोस एकदा पुन्हा द्या, त्यानंतर ओकलं तर नको. ताप उतरला म्हणून मधेच बंद करू नका. किती दिवस ते डॉक्टरच ठरवतात. तापाचं पॅरासिटॅमॉल वेगळं, ते तापाला लागेल तेव्हा, अँटिबायोटिक मात्र घड्याळावर. दोन बाटल्या सारख्या दिसतात, म्हणून झाकणांवर पेनने मोठ्ठं लिहा.

पातळ संडास दिवसात दोनचार वेळा होणं या औषधात चालतं, पाणी-ओआरएस देत राहा. पण संडासात रक्त, आठ तास लघवी नाही, बाळ मलूल, किंवा ४८ तासांनंतरही ताप तसाच, तर त्याच दिवशी दाखवा. अंगावर पुरळ आलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. ओठ-चेहरा सुजला, श्वास घेताना घरघर लागली, बाळ एकदम ढिलं पडलं, तर औषध थांबवून लगेच १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर घ्या.

कोर्स संपल्यावर दुसऱ्या बाटलीत १० मिली राहील. ती टाकून द्या, धाकट्याला खोकला झाला म्हणून त्याला पाजू नका.