ईदच्या कपड्यांची जाहिरात: चंद्रकोर नको, माहिती द्या

रमजान ईदचा माल आला की बरीच दुकानं हिरवी पाटी, चंद्रकोर आणि ‘मुस्लिम बांधवांसाठी खास’ असा मेसेज टाकतात. रोजच्या गिऱ्हाइकाला त्यात पाहुण्यासारखं वाटतं. त्यापेक्षा असं करा:

१. समाजाचं नाव न घेता कपड्यांची नावं घ्या.
२. ईदच्या गडबडीत खरी अडचण शिलाईची असते, ती सोडवा.
३. फोटोत सगळ्यांना एकाच साच्यात बसवू नका. आजीही हवी, कॉलेजचा मुलगाही.

नमुना:

‘ईदच्या तयारीला लागलात? चिकनकारी कुर्ते, शरारा, लहान मुलांचे पठाणी आले आहेत. बाही लांब करायची किंवा अस्तर लावायचं असेल तर विसाव्या रोज्यापर्यंत कपडा द्या, चांदरातीआधी मिळेल. इफ्तारनंतरही दुकान उघडं आहे. ईदला जेवायला बोलावलं असेल, तर तुमच्यासाठीही साधे सुती कुर्ते आहेत.’

ते शेवटचं वाक्य मला फार आवडतं. शेजारीपाजारीही त्यात आले.

फक्त एक सांभाळा: ईदची पक्की तारीख छापू नका, ती चंद्र दिसल्यावर ठरते. ‘ईद मुबारक’ही त्या दिवसासाठीच ठेवा.