शेअरचा ऑप्शन घेण्याआधी: बाहेर पडता येईल ना, हे तपासण्याची तयारी

निफ्टीच्या ऑप्शनमध्ये चालू भावाजवळच्या स्ट्राइकला, म्हणजे करारात ठरलेल्या भावाला, गिऱ्हाईक मिळेल का, असा प्रश्न सहसा पडत नाही. एकेका कंपनीच्या शेअरवरचे ऑप्शन ही वेगळी गोष्ट आहे. तिथे एका स्ट्राइकवर गर्दी असते आणि लगतच्याच स्ट्राइकवर शुकशुकाट. म्हणून ही तयारी शेअरच्या ऑप्शनपुरती आहे आणि एक-दोन लॉट घेणाऱ्यासाठी आहे.

पहिली तयारी वेळेची. बाजार सव्वानऊला उघडतो, पण पहिली पंधरा-वीस मिनिटं ऑप्शनचे भाव विस्कळीत असतात. चांगल्या स्ट्राइकमध्येही तेव्हा बिड, म्हणजे घेणाऱ्याचा भाव, आणि आस्क, म्हणजे विकणाऱ्याचा भाव, एकमेकांपासून लांब दिसतात. साडेदहा-अकराला ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या स्ट्राइकच्या भावांची यादी, उघडा. लोकलमध्ये दाराशी उभं राहून मोबाइलवर चेन चाळता येते, ऑर्डर मात्र तिथून टाकू नये. रेंज गेली आणि भाव हलला तर ऑर्डर दुरुस्त करता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. शेअर १,४८२ रुपयांवर आहे, लॉट ५०० शेअरचा आहे आणि मुदत संपायला दोन आठवडे आहेत. शेअर वर जाईल असं तुम्हाला वाटतं, म्हणून कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क, बघताय. १५०० च्या कॉलला बिड २४.१० आणि आस्क २४.३० आहे. १५१० च्या कॉलला बिड १७.६० आणि आस्क २२.४०, तर शेवटचा सौदा २१.५० ला झालेला दिसतो. बरेच जण फक्त शेवटचा भाव बघतात आणि १५१० चा कॉल जवळपास तीन रुपयांनी स्वस्त मिळतोय म्हणून तो उचलतात. तो २१.५० चा सौदा दोन तासांपूर्वीचाही असू शकतो. आत्ता तो भाव द्यायला कोणी उभा नाही.

म्हणून माझ्या यादीत स्प्रेड, म्हणजे बिड आणि आस्कमधलं अंतर, सगळ्यात आधी येतो, आणि तो रुपयांत मोडून बघायचा. १५१० मध्ये आस्कला घेतलं आणि लगेच बिडला विकलं तर ४.८० रुपये गुणिले ५००, म्हणजे २,४०० रुपये जातात. प्रीमियम भरला ११,२००. शेअर जागचा हललाही नाही आणि पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम गेली. १५०० मध्ये हाच हिशोब १२,१५० वर १०० रुपयांचा होतो. उलट बाजूने बघा: या कॉलचा डेल्टा, म्हणजे शेअर एक रुपया हलला तर कॉलचा भाव किती हलतो तो आकडा, साधारण ०.४२ धरला, तर १५१० मध्ये नुसता स्प्रेड भरून काढायला शेअर अकरा-बारा रुपये वर जायला हवा. माझ्यापुरती मर्यादा अशी आहे की स्प्रेड प्रीमियमच्या दोन टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जायचं आणि पाच टक्क्यांवर गेला तर तो स्ट्राइक सोडून द्यायचा. फार स्वस्त ऑप्शनला मात्र हे टक्के लागू पडत नाहीत. भाव पाच-पाच पैशांनीच हलतो, त्यामुळे ५० पैशांच्या ऑप्शनमध्ये सर्वांत अरुंद स्प्रेडही दहा टक्के दिसतो.

शेजारचे स्ट्राइकही वाचा. १४९० चा कॉल २९ च्या आसपास आणि १५०० चा २४.२० असेल, तर दर दहा रुपयांच्या पायरीला भाव जवळपास पावणेपाच रुपयांनी उतरतोय. या उतरणीने १५१० चा रास्त भाव २० च्या आसपास यायला हवा, आणि बिड-आस्कचा मध्यही २० च आहे. म्हणजे २२.४० देणारा जवळपास अडीच रुपये जादा मोजतोय. हा पडताळा कागदावर अर्ध्या मिनिटात होतो आणि मला तो फार उपयोगी वाटतो.

मग आजचा व्हॉल्यूम बघा. १५०० मध्ये ९,८०० कॉन्ट्रॅक्टची उलाढाल झाली आहे, १५१० मध्ये ४१ ची. एकाच कॉन्ट्रॅक्टची दिवसात अनेकदा खरेदी-विक्री होऊ शकते, म्हणून व्हॉल्यूम ओपन इंटरेस्टपेक्षा, म्हणजे न मिटवलेल्या सौद्यांपेक्षा, जास्त दिसला तर घोटाळा वाटून घेऊ नका. अकराला ४१ असेल तर दुपारी दोनला पुन्हा बघा. आकडा तिथेच अडकलेला असेल तर त्या स्ट्राइकमध्ये आज कोणी येत नाहीये.

ओपन इंटरेस्टला लोक सगळ्यात जास्त वजन देतात, मी सगळ्यात कमी देतो. न मिटवलेले सौदे किती, एवढंच तो सांगतो. एखाद्या मोठ्या संस्थेने हातातल्या शेअरवर कॉल विकून मुदतीपर्यंत तसाच ठेवला असेल, तर ओपन इंटरेस्ट भरघोस दिसतो आणि समोर विकत घ्यायला कोणी नसतो. आकडा मोठा, व्हॉल्यूम जवळजवळ शून्य आणि स्प्रेड रुंद असं चित्र दिसलं की बहुतेक हेच कारण असतं. शिवाय एकक तपासा. काही ॲपमध्ये तो कॉन्ट्रॅक्टमध्ये असतो, काहींत शेअरमध्ये. १५१० मधले १९० कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या ॲपवर ९५,००० असे दिसतात आणि माणूस फसतो. पुढच्या महिन्याच्या सिरीजमध्ये सुरुवातीला ओपन इंटरेस्ट कमीच असतो. तिथे स्प्रेड चांगला असेल तर मी तेवढ्यावर नाकारत नाही.

स्ट्राइक पक्का झाला की मार्केट डेप्थ उघडा. त्यात दोन्ही बाजूंचे पाच-पाच भाव आणि त्यांवरची संख्या दिसते. २४.१० ला ५०० शेअरचीच बिड आणि खालची थेट २२ ला असेल, तर तो २० पैशांचा स्प्रेड एका लॉटपुरताच खरा आहे. तुम्हाला दोन लॉट विकायचे असतील तर दुसरा २२ ला जाईल. ऑर्डर लिमिटचीच टाका, म्हणजे भाव तुम्ही ठरवलेला, मध्याच्या जवळ. २४.२० ला लावून थोडं थांबा, नाही भरली तर पाच पैसे वाढवा.

शेवटची तपासणी बाहेर पडण्याची, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एनएसईने २०२१ मध्ये ऑप्शनसाठी स्टॉप-लॉस मार्केट ऑर्डर बंद केली. आता ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, याबरोबर लिमिटही द्यावी लागते, आणि ट्रिगर उडतो तो शेवटच्या सौद्याच्या भावावर. १५१० सारख्या स्ट्राइकमध्ये तासभर सौदाच झाला नाही, तर बिड १७ वरून १० वर येईल तरी १४ चा ट्रिगर जागचा हलणार नाही. मग एखादा सौदा १० ला होईल, ट्रिगर उडेल, आणि १३.५० च्या लिमिटची विक्री तशीच लटकून राहील. ॲपवरचा नफा-तोटाही बऱ्याचदा त्याच जुन्या भावावर मोजलेला असतो.

शेअरच्या ऑप्शनमध्ये मुदतीला प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. कॉल इन द मनी राहिला, म्हणजे शेअर स्ट्राइकच्या वर बंद झाला, आणि विकता आला नाही, तर १५१० च्या एका लॉटसाठी ७,५५,००० रुपये उभे करावे लागतात, आणि त्याआधीच्या काही दिवसांत मार्जिनही वाढत जातं. गिऱ्हाईक नाही म्हणून बसून राहायची सोय इथे नाही. इन द मनी गेलेल्या स्ट्राइकचा स्प्रेड मुदत जवळ येईल तसा आणखी रुंदावतो, म्हणून निघण्याची तारीख मी मुदतीच्या आधीच्या आठवड्यातली ठरवतो आणि ऑर्डर टाकण्यापूर्वीच ती डायरीत लिहितो.