वडिलांचा जुना चष्मा घालण्याआधी: काचेत काय आहे हे घरीच कसं ओळखावं

घरातलं माणूस गेलं की त्याचा चष्मा सहसा टाकवत नाही. तो डबीत घालून कपाटात ठेवला जातो आणि काही वर्षांनी घरात कुणाला सुईत दोरा ओवता येईनासा झाला की बाहेर निघतो. डोळ्यावर चढवला, अक्षरं दिसली, म्हणजे जमला असं आपण धरून चालतो. पण त्या काचा बनवताना त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगवेगळे काढलेले असतात, आणि त्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून काचांचे मध्य त्या अंतरावर बसवलेले असतात. नंबराबद्दल सगळे बोलतात. अंतराचा विचार फारसं कुणी करत नाही, आणि उसन्या चष्म्याने डोकं दुखण्याचं कारण बरेचदा तिथेच सापडतं.

मी नाशकात चष्म्याच्या दुकानात काम करतो. आमच्याकडे सिडकोतल्या एक ताई आल्या होत्या, वय ४४. त्यांचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, आता हयात नाहीत. त्यांचा वाचायचा चष्मा ताई संध्याकाळी साड्यांना फॉल लावताना घालायच्या. अर्ध्या तासात भुवयांच्या वर ठणकायला लागायचं, टाके मधूनच दोन-दोन दिसायचे, मान अवघडायची. चष्मा काढला की थोड्या वेळाने सगळं ठीक. "दिसतं तर छान मोठं," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच चष्म्यावर एकेक पायरी करून बघू, म्हणजे तुम्हाला तुमच्या घरातल्या चष्म्यावर करता येईल.

पहिली पायरी: काच अधिकची की उण्याची

चष्मा डोळ्यापासून वीतभर लांब धरा आणि एका काचेतून समोरच्या दाराच्या उभ्या चौकटीकडे बघा. आता चष्मा सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवा. काचेतली चौकट चष्म्याच्या उलट दिशेने सरकली तर काच अधिक नंबरची, म्हणजे बहुतेक जवळच्या कामाची. चष्म्याबरोबरच सरकली तर उणे नंबरची, लांबचं बघण्याची. काचेच्या खालच्या भागात आडवी रेघ किंवा चंद्रकोरीसारखा तुकडा दिसत असेल तर तो बायफोकल आहे आणि त्यात दोन नंबर आहेत.

उणे नंबर निघाला तर पुढच्या मोजमापाच्या भानगडीत पडू नका, कारण ते घरी होत नाही. तरुण मुलामुलींना असा चष्मा घालून लांबचं ठसठशीत दिसल्यासारखं वाटतं आणि ते भुलतात. डोळ्याच्या आतलं भिंग सतत फुगून ते जादाचं उणे भरून काढत असतं. त्या कष्टानेच संध्याकाळी डोळे जड होतात.

दुसरी पायरी: सिलिंडर आहे का

सिलिंडर म्हणजे काचेत ठराविक एका कोनातच घातलेला जादाचा नंबर. तीच चौकट काचेच्या मधोमध दिसेल असं धरा आणि चष्मा गाडीच्या स्टिअरिंगसारखा थोडा फिरवा. काचेतली रेघ बाहेरच्या रेघेशी सरळच राहिली तर सिलिंडर नाही. ती तिरकी होऊन कात्रीसारखी उघडायला लागली तर सिलिंडर आहे, आणि तो ज्या कोनात बसवलाय तो कोन त्या एका माणसाच्या डोळ्याचा आहे. असा चष्मा दुसऱ्याने वापरूच नये. जमीन तिरपी वाटते, पायऱ्या उतरताना अंदाज चुकतो. ताईंच्या वडिलांच्या चष्म्यात सिलिंडर नव्हता.

तिसरी पायरी: अधिकचा नंबर मोजणं

हे दुपारच्या उजेडात करा. खोलीतले दिवे बंद करून खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा. एक काच कागदासमोर धरून पुढे-मागे करा. एका ठिकाणी बाहेरच्या झाडाचं किंवा समोरच्या इमारतीचं उलटं, छोटं चित्र कागदावर स्वच्छ उमटेल. खिडकीचे गज नव्हे, बाहेरची लांबची वस्तू स्पष्ट व्हायला हवी. काचेपासून कागदापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि १०० ला त्याने भागा. जे येईल तो नंबर, पाव नंबर इकडेतिकडे. एक मीटरवर चित्र आलं तर नंबर १, अर्ध्या मीटरवर आलं तर २. चित्रासाठी सूर्य कधीही वापरू नका. कागद पेटतो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

ताईंच्या वडिलांच्या चष्म्यात उजव्या काचेचं चित्र ४० सेंटिमीटरवर आलं, म्हणजे अधिक २.५०. डाव्या काचेचं ४४-४५ वर, म्हणजे अधिक २.२५. ताईंचं लांबचं नीट होतं, आणि अशा माणसाला ४४ व्या वर्षी जवळच्यासाठी साधारण १ च्या आसपास नंबर पुरतो. अधिक २.५० चा अर्थ असा की या चष्म्यातून ४० सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं पुसट. म्हणून त्या नकळत साडी २८-३० सेंटिमीटरवर ओढून घेत होत्या. मोठं दिसण्याचं आणि मान अवघडण्याचं कारण हेच.

चौथी पायरी: काचांचे मध्य आणि आपल्या बाहुल्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. कागदावर पेनने मोठी फुली काढा, एक रेघ उभी, एक आडवी. चष्मा कागदाच्या वीतभर वर आडवा धरा आणि एक डोळा मिटून सरळ वरून बघा. काचेतल्या रेघा बाहेरच्या रेघांशी तुटक न दिसता सलग जुळतील तेव्हा फुलीचा मध्य म्हणजे काचेचा मध्य. तिथे स्केचपेनने ठिपका द्या. दुसऱ्या काचेलाही तसंच. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. इथे ते ६६ मिलिमीटर निघालं.

आता आपल्या बाहुल्या. आरशासमोर साधारण वीतभर अंतरावर उभे राहा, मोजपट्टी भुवयांवर आडवी टेकवा. उजवा डोळा मिटून शून्याची खूण डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. पट्टी आणि डोकं न हलवता डावा मिटून उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचा. दोन-तीनदा करून बघा. ताईंचा आकडा ६० आला. हे लांब बघतानाचं अंतर झालं. वाचताना बाहुल्या आत वळतात, तेव्हा त्यातून सुमारे ३ वजा करायचे, म्हणजे ५७.

६६ आणि ५७. नऊ मिलिमीटरचा फरक, म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून साडेचार मिलिमीटर नाकाकडच्या भागातून बघत होता. अधिक नंबरची काच मध्ये जाड आणि कडेला पातळ असते, त्यामुळे मध्य सोडून बघितलं की ती पाचरीसारखी वागते आणि प्रकाश वळवते. या बाबतीत तो अशा बाजूला वळतो की एकच टाका दिसण्यासाठी दोन्ही डोळ्यांना आणखी आत वळावं लागतं. ते जमेनासं झालं की टाका दोन दिसतो.

ताण येतो तो इथे. आपले डोळे जवळचं बघताना दोन कामं एकाच वेळी करतात: आतलं भिंग फुगवतात आणि दोन्ही बुबुळं आत वळवतात. ही कामं मेंदूत एकमेकांना बांधलेली आहेत. जास्त नंबरच्या चष्म्याने भिंगाचं काम बरंचसं काढून घेतलं, म्हणजे वळण्याची आपोआप मिळणारी सूचना कमी झाली. पण साडी जवळ आल्यामुळे आणि मध्य बाहेर असल्यामुळे वळण्याचं काम उलट वाढलं. हिशेब केला तर ४० सेंटिमीटरवर योग्य चष्म्याने लागलं असतं त्याच्या जवळपास दीडपट. तेवढं पाच मिनिटं जमतं, तासभर नाही.

इथे एक भीती मात्र काढून टाकायला हवी. मोठ्या माणसाचा डोळा अशा चष्म्याने कायमचा बिघडत नाही. चष्मा काढला की ताण उतरतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला दोन मिनिटं कुणाचाही चष्मा घेतला तर काही होत नाही. रस्त्यावर किंवा जिन्यात मात्र वाचायचा चष्मा घालून जाऊ नये, आणि गाडी चालवताना तर मुळीच नाही. लहान मुलांची गोष्ट वेगळी: त्यांची नजर अजून घडत असते, त्यांना दुसऱ्याचा चष्मा खेळ म्हणूनही रोज देऊ नका. शालिमारला फूटपाथवर मिळणारे तयार वाचायचे चष्मेही याच फुलीने तपासता येतात. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि मध्याचं अंतर कुणा एकासाठी मोजलेलं नसतं.

पाचवी पायरी: डोळे तपासणं

घरची मोजणी चष्म्याबद्दल सांगते, तुमच्या डोळ्याबद्दल नाही. तपासणी दुकानात झाली तरी चाळिशीनंतर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यातला दाब आणि मागचा पडदा बघून घ्या. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही ते होतं. जाताना जुना चष्मा आणि असतील तर वडिलांचे डोळ्यांचे कागद घेऊन जा. त्यांना काचबिंदू होता का, थेंब चालू होते का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर आपल्यालाही तो होण्याची शक्यता वाढते. तो सहसा दुखत नाही, सुरुवातीला अक्षरंही पुसट करत नाही. उसन्या चष्म्याने वाचता येतंय म्हणून तपासणी लांबली तर नुकसान इथे होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसून डोळा लाल झाला, दुखायला लागला, उलटी झाली तर चष्म्याचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंचा नंबर निघाला दोन्ही डोळ्यांना अधिक १. बाकी डोळे चांगले होते.

सहावी पायरी: फ्रेम तीच, काचा आपल्या

वडिलांची आठवण फ्रेममध्ये असते. ती ठेवता येते. दांडीच्या आतल्या बाजूला ५२-१८ असे आकडे छापलेले असतात: काचेची रुंदी आणि नाकावरचं अंतर. त्यांची बेरीज ७०. ती आपल्या बाहुल्यांच्या अंतरापेक्षा फारच मोठी असेल तर फ्रेम चेहऱ्याला रुंद होते आणि काचेचा मध्य बराच आत सरकवावा लागतो. ७० आणि ५७ मध्ये ते निभावतं. प्लॅस्टिकची जुनी फ्रेम पांढुरकी पडली असेल, दांडीजवळ बारीक चिरा असतील तर काच बसवताना द्यावी लागणारी ऊब ती सोसत नाही; दुकानदार नाही म्हणाला तर आग्रह करू नका. धातूची फ्रेम सहसा टिकते, गंजलेला स्क्रू बदलला की झालं. जुन्या काचा मात्र परत मागून घ्या.

नवीन चष्मा हातात आला की घरी येऊन फुलीची चाचणी त्यावरही करा. ठिपक्यांमधलं अंतर आपल्या वाचायच्या आकड्याशी जुळायला हवं, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. नंबर कमी असल्याने पहिले दोन-तीन दिवस अक्षरं लहान वाटतील आणि काम थोडं लांब धरावं लागेल. आठवड्यानंतरही भुवयांवर दुखत असेल तर चष्मा दुकानात परत न्या आणि नंबर व मध्य दोन्ही पुन्हा मोजायला सांगा.