कोणती मालिका कोणत्या मोहिमेची: पडताळणीला बसण्यापूर्वी

तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकातील लेखात मी दूरदर्शनच्या ‘हम लोग’ला ‘अथपासून इतिपर्यंत कुटुंबनियोजनाची मालिका’ असे म्हटले. त्यावर एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले: ‘मी मालिका पाहिली होती, आपण बहुधा नुसता प्रस्ताव पाहिलात.’ ते बरोबर होते. एखादी मालिका कोणत्या समाजजागृतीच्या मोहिमेची होती, हे पडताळण्याची पुढील तयारी त्या पोस्टकार्डाला समोर ठेवून लिहिली आहे.

मालिकेचे नाव, माध्यम, पहिल्या आणि शेवटच्या भागाची तारीख ही नोंद कोणीही करतो, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. मात्र मोहिमेची तारीखही शेजारीच लिहावी. ‘हम लोग’ 7 जुलै 1984 रोजी सुरू झाली आणि डिसेंबर 1985 मध्ये संपली, तर राष्ट्रीय साक्षरता मिशन मे 1988 मध्ये सुरू झाले. तरीही मुलींच्या शिक्षणाचा प्रसंग दिसला, की तो त्या मिशनच्या खात्यावर जमा करणारे लेख मी वाचले आहेत. विषय एक असला म्हणजे मोहीम एक होत नाही.

त्यानंतर वहीत चार रकाने आखावेत: आखणी, प्रसारण, निवेदन आणि परिणाम. आखणीत मूळ हेतू येतो. ‘हम लोग’ची प्रेरणा मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या मालिकांतून आली. त्यांपैकी ‘व्हेन कोन्मिगो’ प्रौढ साक्षरतेसाठी होती आणि ‘अकोम्पान्येमे’ कुटुंबनियोजनासाठी. दूरदर्शनलाही प्रारंभी कुटुंबनियोजनच हवे होते. मी येथवर वाचले आणि वही मिटली. चूक नेमकी तेथेच झाली.

कारण दुसरा रकाना, प्रसारणाचा, मी कोराच ठेवला होता. पहिल्या 13 भागांतील थेट उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. त्यानंतर मनोहर श्याम जोशी यांच्या लेखनात कुटुंबनियोजन मागे पडले आणि कौटुंबिक सलोखा, स्त्रियांचे स्थान असे विषय पुढे आले. म्हणजे 13व्या भागापर्यंतची मालिका आणि त्यापुढची मालिका या पडताळणीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रसारणाचा रकाना भागांच्या क्रमांकानिशी भरावा. प्रस्तावावरून, मुलाखतीवरून किंवा पहिला भाग पाहून तो भरू नये. भाग उपलब्ध नसतील, तर रकाना रिकामा ठेवून तसे लिहावे, पण प्रस्तावातील ओळ उचलून तेथे डकवू नये. मी डकवली होती.

निवेदनाचा रकाना वेगळा ठेवण्याचे कारण असे, की भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन कथानकावर भाष्य करीत आणि प्रश्न विचारीत. कथानकात अस्पष्ट असलेला संदेश तेथे स्पष्ट होई. शेवटचा अर्धा मिनिट न पाहता ‘या भागात संदेश नाही’ असा शेरा मारणे धोक्याचे. उलट बाजूने, केवळ त्या भाष्यात उल्लेख आला म्हणून संपूर्ण कथानक त्या विषयाचे ठरवणेही तितकेच चुकीचे आहे.

परिणामाच्या रकान्यात प्रेक्षकांनी प्रत्यक्षात काय घेतले, ते यावे. ‘हम लोग’मधील सोशिक आई भागवंती स्त्रीच्या दुय्यम स्थानाचे उदाहरण म्हणून उभी केली होती, पण अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. आखणी, प्रसारण आणि परिणाम एका ओळीत आपोआप येत नाहीत, हे यावरून कळावे.

हुंड्याचे उदाहरण आकाशवाणीच्या ‘तिनका तिनका सुख’चे घ्यावे. 1996-97 मधील या 104 भागांच्या मालिकेत हुंड्यापायी छळ झालेली पूनम आत्महत्या करते. डिसेंबर 1996 मध्ये उत्तर प्रदेशातील लुत्सान गावाहून एक मोठे, भित्तिपत्रासारखे पत्र आले. त्यावर 184 जणांच्या सह्या आणि अंगठे होते, आणि मालिका ऐकून आपण आता हुंडा देत-घेत नाही, असे त्यात लिहिले होते. येथे कथानक आणि प्रतिसाद यांचा दुवा पत्रातच सापडतो, म्हणून हे प्रकरण बळकट आहे. तरीही वहीत ‘184 जणांनी पत्रावर सह्या केल्या’ एवढेच लिहावे, ‘गावातून हुंडा गेला’ असे लिहू नये. सही ही निर्धाराची नोंद आहे, लग्नाच्या याद्यांची नव्हे.

अलीकडच्या मालिकांना हीच पद्धत लावावी. पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडियाच्या ‘मैं कुछ भी कर सकती हूँ’चे (दूरदर्शन, मार्च 2014 पासून) प्रत्येक पर्व स्वतंत्र तपासावे, कारण पर्वागणिक भर बदलत गेला आणि तिसऱ्यात स्वच्छता आली. पत्रांचे आकडे, पुरस्कार, जाहिरातदार हे शेवटी पाहावे, किंवा पाहू नये. मजकूर छापायला देण्याच्या आदल्या दिवशी वही उघडून दुसरा रकाना पुन्हा वाचावा. तो कोरा असेल, तर मजकूर देऊ नये.