रापणीवरची माणसं : पहिल्या प्रकरणात मोठं कुटुंब कसं आणावं

कोकणातल्या एकत्र कुटुंबावर कादंबरी लिहायला घेतली की पहिल्या दहा पानांतच पंधरा-वीस माणसं गोळा होतात. आपण त्यांच्यासोबत वर्षभर राहिलेलो असतो, म्हणून कोण कुणाचा कोण हे आपल्याला पाठ असतं. वाचकाला मात्र त्यातलं कुणीच ठाऊक नसतं. नव्याने लिहिणाऱ्यांचे खर्डे मी वाचतो, तेव्हा बहुतेकांत गणपतीला घरी जमलेली माणसं असतात आणि ओटीवर बसल्या बसल्या त्यांची ओळख करून दिलेली असते. तिथेच वाचक सुटतो. कारण ती माणसं नुसती आलेली असतात, काही करत नसतात.

माझ्या कादंबरीतलं कुटुंब मालवणकडच्या मच्छिमारांचं आहे. पहिल्या प्रकरणासाठी मी घर सोडून रापण घेतली. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही दोरांना माणसं लागून जाळं ओढून आणतात. एका रापणीला चाळीस-पन्नास माणसं सहज लागतात. म्हणजे गर्दी मी उलट वाढवूनच घेतली. पण ही गर्दी आपोआप दोन भागांत उभी असते, एक उत्तरेच्या दोरावर आणि एक दक्षिणेच्या. वाचकाला पन्नास माणसं लक्षात ठेवायची नसतात, दोन बाजू ठेवायच्या असतात. शिवाय जाळं वर आलं की मासळीची वाटणी होते. वाटणीची रीत गावोगाव वेगळी, पण जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्याचा वाटा काढताना कोण कुणाचा हा प्रश्न निघतोच. नाती सांगायला याहून चांगली जागा मला सापडली नाही.

आता या प्रसंगाकडे कुणाच्या डोळ्यांनी पाहायचं? घरात नव्याने आलेली सून ही नेहमीची युक्ती. तिला कुणी ओळखीचं नसतं, त्यामुळे प्रत्येकाची ओळख करून देता येते. पण मग ओळखी करून देण्याचाच कार्यक्रम होतो. मी रुक्मिणी घेतली. ती त्या घरात वीस वर्षं नांदलेली आहे आणि वाटे तीच घालते. तिला सगळे माहीत आहेत, त्यामुळे तिच्या मनात कुणाची ओळख येत नाही, फक्त कुणाला किती द्यायचं हा हिशेब येतो. वाचकाला नातं त्या हिशेबातून कळतं.

पहिल्या खर्ड्यात साधारण असं वाक्य येतं :

‘उत्तरेचा दोर रुक्मिणीचे थोरले दीर विश्वनाथ, त्यांचा मुलगा विनायक आणि विनायकचा चुलतभाऊ विलास ओढत होते, तर दक्षिणेच्या दोरावर विश्वनाथांचे चुलतभाऊ वसंत आणि त्यांची दोन मुलं होती.’

माहिती सगळी बरोबर आहे. पण चार नावं ‘व’ने सुरू होतात, पाच नाती एकाच दमात आली आहेत आणि एकाही माणसाने दोर ओढण्यापलीकडे काही केलेलं नाही. तोच मजकूर वाटणीच्या वेळी असा येतो :

‘“तात्यांका दोन पाट्यो घाल गे,” मागून कुणीतरी म्हणालं. रुक्मिणीने एकच घातली.
“दुसरी भावजींची,” ती म्हणाली.
दक्षिणेच्या दोराजवळ मोतीराम पाठ करून उभा होता. दोघे एकाच आजोबांचे नातू, पण पालखीच्या मानावरून शिमग्यात बिनसलं, तेव्हापासून एकमेकांशी रुक्मिणीच्याच तोंडून बोलत होते.’

इथे नावं तीनच आहेत. विश्वनाथांचे तात्या झाले, वसंतचा मोतीराम झाला, विनायक आणि विलास गेले. मोतीरामच्या मुलांचा उल्लेख पुढे ‘मोतीरामचे झिलगे’ एवढाच येतो, कारण पहिल्या प्रकरणात ते दोघे मिळून एकच काम करतात, बापाच्या वतीने पाटी उचलतात. त्यातला धाकटा तिसऱ्या प्रकरणात मुंबईला जातो, तेव्हा त्याला नाव मिळतं. तात्यांची बायकोही वाळूवर आहे, पण ती ‘थोरली जाऊ’च राहते. रुक्मिणीचा नवरा होडीत आहे आणि ती मनात त्याचा उल्लेख ‘हे’ असाच करते. त्याचं नाव दुसऱ्या प्रकरणात दुसऱ्याच कुणाच्या तोंडी येतं.

आपल्याकडची खरी अडचण नावांच्या संख्येपेक्षाही एका माणसाच्या अनेक हाकांत आहे. तात्या कागदावर विश्वनाथ, भावाला दादा, पुतण्यांना मोठे बाबा. वाचकाच्या लेखी ती चार माणसं होतात. म्हणून निवेदनात एका माणसाला एकच हाक ठेवायची आणि ती प्रकरणभर बदलायची नाही. संवादात नात्याची हाक येणारच, ती टाळली तर बोलणं खोटं वाटतं. फक्त ती कुणाला मारली हे पुढच्याच ओळीत त्या माणसाच्या हालचालीतून दिसायला हवं, वर मोतीराम पाठ करून उभा आहे तसं. रुक्मिणीला तात्या आणि मोतीराम दोघेही दीरच, दोघांनाही ‘भावजी’ म्हणणं तिच्या तोंडी शोभलं असतं. पण मग वाचक गोंधळला असता. मी थोरल्याला सगळ्या गावासारखं ‘तात्या’ म्हणायला लावलं आणि ‘भावजी’ मोतीरामसाठी राखून ठेवलं.

घरगुती नावांचंही तसंच. बाबू, बाबी, बाबल, बाबली ही नावं आमच्याकडे एकाच वाडीत असतात आणि वास्तवाच्या प्रेमापोटी ती चारही ठेवावीशी वाटतात. छापील पानावर त्यांतलं एकच ठेवा. वाचक पहिलं अक्षर आणि नावाची लांबी पाहून पुढे सरकतो. रुक्मिणी, तात्या, मोतीराम, कुंदा ही नावं मी शेजारी शेजारी लिहून पाहिली आणि मगच पक्की केली.

कुंदा ही मुंबईहून आलेली नणंद, पहिल्या प्रकरणातलं चौथं आणि शेवटचं नाव. ती वाटणी संपत आल्यावर येते. दशावतारी नाटकात पात्रं आपापल्या चालीने येतात, त्यांच्या येण्याला जेवढी उसंत मिळते तेवढी दोन नव्या नावांमध्ये हवी. कुंदा येते आणि माहेरचा वाटा मागते. तोवर दोन दोरांचं भांडण वाचकाच्या अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून तिच्या मागणीने काय बिघडणार हे सांगावं लागत नाही.

याला मर्यादा आहेत. बिननावाची माणसं फार झाली की ‘एक बाई’, ‘दुसरा म्हातारा’ असं होतं आणि गर्दीला चेहराच उरत नाही. आणि ज्याच्यावर प्रकरण उभं आहे त्याचं नाव मुद्दाम लांबवलं तर लेखक काहीतरी लपवतोय असं वाटतं. चार-पाच पिढ्यांची कादंबरी असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला वंशावळ द्यायला हरकत नाही, पण तिच्यातून लग्नं आणि मृत्यू आधीच फुटतात. मी दिली नाही.

खर्डा झाला की एका कागदावर प्रत्येक नाव, ते पहिल्यांदा आलेलं पान आणि त्यानंतर आलेलं पान लिहा. दोहोंत एका प्रकरणाहून जास्त अंतर असेल तर पहिल्या जागेवरून नाव काढा, माणूस ठेवा. मग प्रकरण घराबाहेरच्या कुणाला वाचायला द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यात कोण कोण होतं ते विचारा. ‘तो पाठ करून उभा राहिलेला’ असं उत्तर आलं तर नाव विसरलं तरी चालेल, माणूस पोचला आहे. ‘तात्या म्हणजे तिचा नवरा ना?’ असं आलं तर तात्यांच्या पहिल्या दोन वाक्यांत दोष आहे. वाचकाला नातं समजावून सांगू नका. ती वाक्यं काढा आणि तात्यांना तिथे असं काहीतरी करायला लावा, जे नवरा करणार नाही, थोरला दीरच करेल.