ऑनलाइन शिकवणीसाठी माइक-वेबकॅम घेताय? आधी या चुका टाळा

माझी मोठी बहीण सांगलीला घरूनच दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. ऑनलाइन बॅच सुरू करताना तिने तीन हजार रुपये बाजूला काढले होते. मी संगणक दुरुस्तीचं काम करतो, तरी मला न विचारताच तिने त्यातल्या जवळजवळ निम्म्या पैशांचा ‘स्टुडिओ माइक’चा संच मागवला. टेबलाला अडकवायचा लोखंडी हात, फोमचा गोळा, सगळं काही त्यात होतं. पहिल्याच तासाला मुलं म्हणाली, “मॅडम, तुम्ही विहिरीतून बोलताय असं वाटतंय.” त्यानंतर तिच्याकडे जे जे पाहिलं, तेच पुढे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी शिक्षकांकडे दिसलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माइक चांगला, पण लांब

ताईच्या माइकमध्ये बिघाड नव्हता. तो तिच्या तोंडापासून दोन फुटांवर होता, एवढंच. समोर वही आणि लॅपटॉप असल्यामुळे त्याहून जवळ आणायला जागाच नव्हती. आवाजाचं गणित असं आहे की अंतर निम्मं केलं की तोंडातून थेट येणारा आवाज माइकपाशी चौपट ऊर्जेचा होतो. साठ सेंटिमीटरवरून पंधरावर आणलं की सोळापट. खोलीच्या भिंतींवरून घुमून येणारा आवाज मात्र माइक कुठेही ठेवला तरी साधारण तेवढाच राहतो. म्हणजे लांबच्या माइकला तुम्ही आणि तुमची खोली जवळपास सारख्याच जोरात ऐकू येता. विहिरीतला आवाज म्हणतात तो हाच.

आपल्या घरांत फरशी, गिलाव्याच्या भिंती आणि वर पंखा. खोलीत एकदा जोरात टाळी वाजवून बघा. टाळीमागून टणत्कार ऐकू आला, तर त्या खोलीत लांबचा माइक कितीही महाग घेतला तरी घुमणारच. समोरच्या भिंतीवर गोधडी टांगली आणि पडदे ओढले तर घुमणं कमी होतं, पण सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे माइक तोंडाजवळ आणणं.

त्या संचात आणखी एक खोट असते. असे बरेच कंडेन्सर माइक 48 व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर चालण्यासाठी बनवलेले असतात आणि तो पुरवठा ऑडिओ इंटरफेस नावाच्या वेगळ्या डबीतून मिळतो. संचातली बारीक पिनची वायर थेट लॅपटॉपला लावली तर जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. मग आवाज बारीक येतो, तो वाढवायला गेलं की मागे ‘सूं’ असा सूर लागतो, आणि माणसाला वाटतं माइकच खराब निघाला.

मर्यादित पैशांत बसून शिकवणाऱ्यासाठी माझं मत पक्कं आहे: वायरचा कॉलर माइक घ्या. हजाराच्या आत बरा मिळतो. भाव दुकानागणिक बदलतात, पण यापेक्षा जास्त खर्च करायची गरज नाही.

पिन न बघता घेतलेला माइक

कॉलर माइक घेतानाही एक जागा फसवी आहे. पिन हातात घेऊन तिच्यावरचे काळे पट्टे मोजा. तीन पट्टे म्हणजे मोबाइलची पिन. एकच खाच असलेल्या लॅपटॉपला ती सहसा चालते. दोन पट्टे म्हणजे कॅमेऱ्याची किंवा जुन्या डेस्कटॉपच्या गुलाबी खाचेची पिन. तीन पट्ट्यांच्या पिनेत आवाज ज्या भागातून येतो, तो भाग दोन पट्ट्यांच्या खाचेत जमिनीच्या तारेला चिकटतो. त्यामुळे पिन आत बसते, पण आवाज येत नाही.

पिन बरोबर असली तरी पुढची अडचण असते. लॅपटॉपच्या एकुलत्या खाचेत माइक लावला की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलाय, आणि तो स्पीकर बंद करतो. मुलांना मॅडम ऐकू येतात, मॅडमना मुलं नाहीत! ताईने या पायी एक अख्खा तास घालवला. म्हणून नवीन घेणाऱ्याने सरळ यूएसबी पिनचा कॉलर माइक घ्यावा. लॅपटॉपची खाच मोकळी राहते आणि तिच्यात घरातला साधा वायरचा इअरफोन लावून एका कानात घालता येतो. इअरफोन हवाच. स्पीकरवर मुलांचा आवाज ऐकलात तर तो तुमच्या माइकमधून परत त्यांच्याकडे जातो. तो गाळण्याच्या नादात अॅप तुमची वाक्यंही मधूनच खाऊन टाकतं.

ब्लूटूथ इअरफोनने काम भागेल का, असं खूपजण विचारतात. ऐकायला तो छान आहे. पण त्याचाच माइक चालू केला की तो फोनकॉलच्या पद्धतीवर जातो आणि साध्या जोडणीत वरचे सूर कापले जातात. ‘स’ आणि ‘श’ मधला फरक नेमका त्या वरच्या सुरांत असतो. भाषा शिकवणाऱ्याने तरी हा मार्ग धरू नये.

माइक लावायची जागा

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर, छातीच्या मधोमध हवा. ताईने तो पदराला खांद्याजवळ लावला होता. ती फळ्याकडे किंवा वहीकडे मान वळवायची तेव्हा आवाज पडायचा. मधोमध लावला, तर दर काही सेकंदांनी ‘टक् टक्’ यायला लागलं. अॅप बदलून पाहिलं, वायर बदलून पाहिली. शेवटी लक्षात आलं की मंगळसूत्राची वाटी माइकवर आपटत होती. आता शिकवताना ती मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घेते, आणि पदराची घडी पिनेने पक्की करून त्यावर माइक लावते. ओढणी असेल तर ती माइकवर घासणार नाही असं बघा. पंख्याची हवा थेट लागत असेल तर माइकवरची फोमची टोपी काढू नका. वायरला क्लिपच्या खाली एक छोटा वळसा द्या, म्हणजे हिसका बसला तरी तो माइकपर्यंत पोचत नाही.

नवा माइक लावला, चालू मात्र जुनाच

ही चूक इतकी सर्रास होते की मी आता आधी हेच तपासतो. माइक विकत घेतला, लावला, पण अॅप अजून लॅपटॉपच्याच माइकने ऐकतंय. विंडोजमध्ये Settings → System → Sound उघडा आणि Input खाली हलणाऱ्या पट्टीकडे बघत कॉलर माइकवर नखाने हलकेच टकटक करा. पट्टी उसळली तर ठीक. माइकवर टकटक करून पट्टी हलत नाही, पण लॅपटॉपच्या कीबोर्डशेजारी टकटक केल्यावर उसळते, तर तुमचा माइक अजून कामाला लागलेलाच नाही. यादीतून तो निवडा आणि झूमच्या Audio सेटिंगमध्येही तोच निवडा. दोन्ही जागा वेगवेगळ्या असतात.

वेबकॅमच्या डब्यावरचे आकडे

माइकचा प्रश्न सुटला तेव्हा ताई म्हणाली, “आता चेहरा भुताटकीसारखा दिसतो, मोठा वेबकॅम घेऊ.” मी तिला थांबवलं. तिच्या पाठीमागे खिडकी होती. कॅमेरा त्या उजेडाला जुळवून घ्यायचा आणि चेहरा काळा पडायचा. टेबल फिरवून खिडकी समोर घेतली, तर लॅपटॉपच्याच कॅमेऱ्यात चेहरा स्वच्छ आला. संध्याकाळच्या बॅचसाठी लॅपटॉपच्या मागे, डोळ्यांहून थोडा वर एक 9 वॉटचा एलईडी बल्ब लावला आणि समोर पांढरा कागद धरून उजेड मऊ केला. उजेड कमी पडला की छोटा कॅमेरा प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणून हात हलला की फराटे उठतात. हे कॅमेरा बदलून जात नाही.

वर्ग चालवणारी अॅप्स चित्र बरंच दाबून पाठवतात आणि बहुतेक मुलं ते मोबाइलवर बघतात. त्यामुळे डब्यावर ‘4के’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. स्वस्त वेबकॅममध्ये असे आकडे पुष्कळदा छोटं चित्र ताणून काढलेले असतात.

चित्रावर आडवे काळसर पट्टे सरकत असतील तर ट्यूबलाइट आणि कॅमेऱ्याचा मेळ बसत नाहीये. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि बरेच कॅमेरे 60 वर लावून येतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये anti-flicker किंवा flicker reduction असेल तिथे 50 Hz करा.

वहीसाठी वेबकॅम घेणं

गणिताच्या शिक्षकाला चेहऱ्यापेक्षा वही दाखवायची असते, आणि स्वस्त वेबकॅम नेमके तिथेच हरतात. त्यांचा फोकस बांधलेला असतो. हातभर अंतरावरचा चेहरा नीट दिसतो, वीतभर अंतरावरचं समीकरण पुसट. तुमच्या खिशातल्या मोबाइलचा मागचा कॅमेरा या कामाला त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

ताईने तीन-चारशे रुपयांचा वाकवता येणारा मोबाइल होल्डर टेबलाला लावला आणि मोबाइल वहीवर सुमारे एक फूट उंचीवर आडवा धरला. मग मोबाइलवरून त्याच झूम वर्गात दुसरी सभासद म्हणून प्रवेश घेतला. इथे एक पथ्य पाळायचं: मोबाइलवर आवाज जोडायचाच नाही. जोडला गेला असेल तर More मधून Disconnect Audio करा. नुसतं म्यूट केलं तर मोबाइलचा स्पीकर चालूच राहतो आणि घुमायला लागतं. वही दाखवताना लॅपटॉपचा कॅमेरा बंद ठेवला की इंटरनेटवरचा भारही हलका होतो.

वहीचा कागद चौकटभर दिसला पाहिजे. कडेला गडद टेबल जास्त दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि कागद इतका पांढराफटक होतो की पेन्सिलचं लिखाण नाहीसं होतं. ताई टेबलावर पांढरी चादर घालते आणि जाड काळ्या पेनने लिहिते. ती उजव्या हाताने लिहिते म्हणून दिवा डावीकडे ठेवलाय, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्या ओळीवर पडते. तिच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसली तेव्हा ती घाबरली होती, पण Mirror my video फक्त आपल्यापुरतं असतं, मुलांना सरळच दिसतं.

सगळं मिळून कॉलर माइक, होल्डर, बल्ब यांचा खर्च दोन हजारांच्या आत बसला. स्टुडिओ संच परत करता आला म्हणून हे तीन हजारांत भागलं. तुमच्याकडे उभं राहून फळ्यावर शिकवायची पद्धत असेल, तर मात्र हिशेब बदलतो. तिथे वायर लांब हवी. बोयाच्या बीवाय-एम1 सारख्या माइकला सहा मीटर वायर येते, पण त्याची पिन तीन पट्ट्यांची आहे आणि त्यावरचं बटण लॅपटॉपसाठी मोबाइलच्या बाजूला ठेवावं लागतं. उरलेल्या पैशांत आपोआप फोकस करणारा वेबकॅम घ्या आणि फळ्यावर खिडकीची चमक पडत नाही ना, हे शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या मोबाइलवर बघून ठरवा.